केसपेपरपासून औषधखिडकीपर्यंत : ओपीडीतला अभिप्राय कसा विचारावा

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत, रुग्णाच्या हाती पडणारा अभिप्राय-अर्ज बहुधा ठरावीक साच्यातला असतो. डॉक्टर व कर्मचाऱ्यांची वागणूक कशी वाटली, स्वच्छता कशी होती, एकंदर सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का, असे दहाबारा प्रश्न आणि प्रत्येकापुढे ‘वाईट’पासून ‘उत्कृष्ट’पर्यंत पाच चौकटी. महिनाअखेरीला खुणांची सरासरी निघते, ती चांगलीच येते आणि तक्ता गुणवत्तेच्या फाइलीत जातो. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या मूल्यांकनात रुग्ण-समाधानाचे सर्वेक्षण झाले की नाही हे पाहिले जाते, त्यामुळे फाइल पूर्ण होते. पण ‘स्वच्छता : ३.८’ या आकड्यावरून उद्या सकाळी कोणी कोणते काम करायचे, हे वैद्यकीय अधीक्षकाला कळत नाही. स्वच्छतागृहाला कुलूप होते, नळाला पाणी नव्हते की बाकांखाली कचरा होता, यांतले काहीही त्या आकड्यात उरलेले नसते.

सरासरी चांगली येण्याचीही कारणे आहेत. ओपीडीत आलेल्या मधुमेहाच्या रुग्णाला पुढच्या महिन्यात त्याच डॉक्टरांकडे यायचे असते. अर्ज हाती देणाऱ्या सिस्टरनेच थोड्या वेळापूर्वी त्याला इंजेक्शन दिलेले असते. केसपेपर नाममात्र पैशांत किंवा फुकट निघाला, गोळ्या मिळाल्या, आता नावे कशाला ठेवायची, अशी भावनाही असते. त्यातच समाधान हे अपेक्षेवर अवलंबून असते. तीन तास लागतील असे धरून घरून निघालेला माणूस दोन तासांत सुटला तर खूश होतो, आणि एरवी खासगी दवाखान्यात जाणारा तेवढ्याच दोन तासांवर वैतागतो. दोघांच्या खुणा वेगळ्या पडतात, पण रांग तीच असते.

म्हणून अभिप्राय-अर्जाच्या रचनेत पहिला फरक करावा लागतो तो मत आणि घटना यांत. अमेरिकेत पिकर संस्थेने १९९०च्या दशकात रुग्ण-सर्वेक्षणाची जी पद्धत रुजवली, तिचा गाभा हाच होता. सेवा कशी वाटली असे विचारण्याऐवजी काय घडले, काय घडले नाही, असे विचारायचे. ‘डॉक्टरांनी नीट समजावले का?’ यावर भिडस्त माणूस ‘हो’ म्हणतो. ‘ही गोळी किती दिवस घ्यायची, हे तुम्हाला कोणी सांगितलं का?’ यावर मात्र सांगितले असेल तर ‘हो’ आणि नसेल तर ‘नाही’ असे उत्तर सहज येते, कारण ‘नाही’ म्हणण्यात कोणाचा अपमान होत नाही.

एका गाजलेल्या प्रश्नाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१३ पासून रुग्णांना विचारायला सुरुवात केली की, अशाच उपचारांची गरज पडली तर तुमच्या मित्रांना वा नातेवाइकांना तुम्ही हे ठिकाण सुचवाल का. एप्रिल २०२० पासून तो प्रश्न बदलून एकंदर अनुभव कसा होता असा साधा करण्यात आला, आणि त्याच्या जोडीला रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची जागा ठेवली गेली. तालुक्याच्या गावी तर ‘सुचवाल का’ या प्रश्नाला फारसा अर्थच नाही. जिथे सोनोग्राफी आणि हाडांचे डॉक्टर एकाच सरकारी इमारतीत मिळतात, तिथे माणूस शेजाऱ्याला तेच ठिकाण सांगणार, मग तिथे पाणी असो वा नसो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेली ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था मोबाइलवरून रुग्णाचे समाधान विचारते आणि असमाधानाचे ढोबळ कारणही विचारते. एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करायला ती उपयोगी आहे. रुग्णालयाच्या आतली कोणती खिडकी अडली आहे हे शोधायला मात्र त्या रुग्णालयाचा स्वतःचा अर्ज लागतो.

असा अर्ज तयार करताना प्रश्नांपासून सुरुवात करू नये, निर्णयांपासून करावी. अधीक्षक, मेट्रन, औषधनिर्माता, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ आणि नोंदणी खिडकीवरचा लिपिक यांनी एकत्र बसून आधी एवढेच लिहावे की, येत्या तीन महिन्यांत त्यांच्या स्वतःच्या अधिकारात काय काय बदलता येईल. खिडकीची वेळ बदलता येते. औषधांच्या मागणीपत्रातले आकडे बदलता येतात. सफाईच्या फेऱ्या, दिशादर्शक पाट्या, रिपोर्ट देण्याची जागा, वृद्धांसाठी वेगळी रांग हेही हातात असते. नवी इमारत किंवा रिक्त असलेली भूलतज्ज्ञाची जागा हातात नसते, त्यामुळे त्यावर रुग्णाला प्रश्न विचारून त्याचा वेळ घेऊ नये. मग प्रत्येक प्रस्तावित प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहायच्या : उत्तर कोण वाचणार, कोणते उत्तर आले तर तो काय बदलणार, आणि किती जणांनी तसे उत्तर दिले की बदलणार. या तीन रकान्यांत काही लिहिता आले नाही तर तो प्रश्न काढून टाकावा. या चाळणीतून साच्यातल्या बाराएक प्रश्नांपैकी फार थोडे उरतात आणि ज्यांचा कोणी विचारच केला नव्हता असे काही नवे येतात.

नव्या प्रश्नांचा क्रम रुग्णाच्या वाटेप्रमाणे लावावा. नोंदणी खिडकीवर केसपेपर, डॉक्टरांच्या खोलीबाहेरची रांग, तपासणी, लागल्यास रक्त-लघवी किंवा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, शेवटी औषधखिडकी. ज्या क्रमाने सकाळ गेली त्याच क्रमाने विचारले की आठवायला सोपे जाते. प्रत्येक प्रश्न ‘आज’चा असावा. ‘तुम्हाला इथे औषधे मिळतात का?’ असे विचारले की माणूस गेल्या वर्षभराचे, कधी शेजारणीचेही अनुभव मिसळून उत्तर देतो.

औषधखिडकीचा प्रश्न पायरीपायरीने घडवून पाहिला तर ही पद्धत नीट कळते. साच्यातला प्रश्न असतो, ‘औषध वितरण सेवा कशी वाटली?’ यात औषध मिळाले का, किती वेळ लागला, समजावून सांगितले का आणि देणारा कसा बोलला, असे चार प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. ‘बरी’ हे उत्तर चौघांपैकी कोणाचे, ते कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न फक्त मिळण्याचा : ‘डॉक्टरांनी लिहिलेली औषधं आज इथे मिळाली का?’ उत्तरे तीन : सगळी मिळाली, काही मिळाली, एकही नाही. सगळी मिळाली नसतील तर पुढचा प्रश्न कारणाचा : खिडकीवर ‘औषध नाही’ असे सांगितले, खिडकी बंद झाली होती, की डॉक्टरांनीच बाहेरून आणायला सांगितले. ही तीन कारणे तीन वेगळ्या माणसांच्या टेबलावर जातात. पहिले साठा सांभाळणाऱ्याकडे, दुसरे वेळापत्रक ठरवणाऱ्याकडे आणि तिसरे खुद्द डॉक्टरांकडे. त्याखाली, न मिळालेल्या औषधाचे नाव चिठ्ठीवरून उतरवून घ्यायला एक ओळ. ते काम रुग्णाने करायचे नाही, अर्ज भरून घेणाऱ्याने करायचे.

समजावून सांगण्याबद्दलचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये औषधवापर तपासण्याचे जे निर्देशक प्रसिद्ध केले, त्यांत रुग्णाला औषधाची मात्रा ठाऊक आहे का, हा एक निर्देशक आहे. तो मोजायचा तर रुग्णाचे मत विचारून भागत नाही. पाकिटातली एक गोळी दाखवून विचारावे लागते, ‘ही कधी आणि किती घ्यायची?’ आणि उत्तर चिठ्ठीशी ताडून पाहावे लागते. वेळ थोडा लागतो, पण या एका प्रश्नातून जे हाती लागते ते दहा समाधान-प्रश्नांतून लागत नाही. शिवाय चुकीचे सांगणाऱ्या रुग्णाला तिथल्या तिथे औषधखिडकीकडे परत नेता येते. ही परीक्षा रुग्णाची नसून औषध देणाऱ्या व्यवस्थेची आहे, हे विचारणाऱ्याच्या स्वरातून जाणवले पाहिजे, नाहीतर माणूस ओशाळतो आणि ‘माहीत आहे’ म्हणून निघून जातो.

स्वच्छतेचा प्रश्नही असाच उलगडावा लागतो. ‘आज इथलं स्वच्छतागृह वापरलं का?’ वापरले असेल तर, आत पाणी होते का आणि कडी लागत होती का. वापरले नसेल तर, गरज नव्हती, सापडले नाही, कुलूप होते, की आत जाववले नाही. स्वच्छता कशी वाटली असे विचारले असता ज्यांनी स्वच्छतागृह टाळले त्या बायकांचेही ‘चांगली’ असेच उत्तर येते, कारण त्यांनी पाहिलेला व्हरांडा खरोखरच झाडलेला असतो. गावाहून सकाळच्या एसटीने आलेली गरोदर बाई जाववत नाही म्हणून तासन्‌तास पाणी न पिता रांगेत बसून राहिली, तर ही बाब साध्या गैरसोयीच्या पलीकडची आहे. ती उघडकीस आणणारा प्रश्न अर्जात असलाच पाहिजे. अर्जावर स्त्री-पुरुष अशी खूण ठेवण्याचे खरे कारण हेच, की या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी मोजता यावीत.

थांबावे लागलेल्या वेळेबद्दल रुग्णाला विचारण्यात फारसा अर्थ नाही. उभ्याने काढलेली वीस मिनिटे तासाभराची वाटतात. त्याऐवजी केसपेपरला एक छोटी पट्टी टाचावी आणि नोंदणी, डॉक्टर, प्रयोगशाळा व औषधखिडकी इथे प्रत्येकाने घड्याळातली वेळ तिच्यावर टाकावी. अर्ज भरताना ती पट्टी अर्जालाच जोडली की एकूण वेळ कुठे गेला ते कळते. रुग्णाला विचारायचे ते एवढेच : ‘आपला नंबर कधी येईल, हे तुम्हाला कळत होतं का?’ आणि ‘बसायला जागा मिळाली का?’

आठ ते दहा प्रश्न, एक पान, मोठी अक्षरे. शेवटी एकच मोकळा प्रश्न ठेवावा, पण ‘आपल्या सूचना’ असा नव्हे. तिथे बहुतेक जण काही लिहीत नाहीत किंवा ‘सर्व छान’ लिहितात. ‘आज इथे सगळ्यात जास्त कुठे अडलात?’ असे विचारले की माणूस बोलतो. ते बोलणे त्याच्याच शब्दांत उतरवावे, सुधारून लिहू नये. ‘रिपोर्ट कुठं मिळतोय ते तिघांना इचारलं’ या एका वाक्यातून पाटी कुठे लावायची ते कळते. ‘अहवाल वितरणाबाबत माहितीचा अभाव’ असे लिहिले की ते हरवते.

छापण्यापूर्वी कच्चा अर्ज दहापंधरा रुग्णांना वाचून दाखवावा आणि प्रत्येक प्रश्नानंतर ‘यातून काय कळलं?’ असे विचारावे. घोटाळे इथेच सापडतात. ‘तपासणी झाली का?’ या प्रश्नाचा अर्थ काही जण डॉक्टरांनी पाहिले का असा घेतात, तर काही जण रक्त घेतले का असा. ‘कर्मचारी’ म्हणजे सिस्टर, मामा-मावशी की खिडकीवरचा माणूस, हेही प्रत्येकाचे वेगळे असते. मेळघाटात कोरकू किंवा सीमाभागात कन्नड बोलणारे रुग्ण येत असतील तर त्या भाषेतले प्रश्न आधीच लिहून, तपासून ठेवावेत. ऐनवेळी जमेल तसा अनुवाद केला की प्रत्येक रुग्णाला वेगळाच प्रश्न विचारला जातो.

विचारणारा कोण आणि कुठे, यावर उत्तरे किती बदलतात याची कल्पना पुष्कळदा नसते. पांढऱ्या कोटातल्या माणसाने औषधखिडकीसमोर विचारले तर त्याच खिडकीबद्दल खरे कोण सांगणार? विभागाशी संबंध नसलेली व्यक्ती, उदाहरणार्थ जवळच्या महाविद्यालयातले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, थोडे शिकवून घेता येतात. जागा बाहेर पडण्याच्या वाटेवर, पण खिडक्यांच्या नजरेआड असावी. अर्जावर नाव नको, मोबाइल नंबर नको, केसपेपर क्रमांकही नको. भरलेला अर्ज घडी करून पेटीत जावा आणि पेटीची किल्ली त्या विभागाकडे नसावी. कोणाला नाव देऊन तक्रार करायची असेल तर त्यासाठी वेगळा कागद आणि वेगळी पोच हवी. एकच कागद दोन्हीसाठी ठेवला की निनावीपणावरचा विश्वास जातो. भिंतीवर क्यूआर कोड चिकटवून अभिप्राय मागणे सोपे आहे, पण त्यातून स्मार्टफोन हाताळणारे तरुण तेवढे बोलतात आणि ओपीडीचे मुख्य गिऱ्हाईक असलेले म्हातारे व लेकुरवाळ्या बाया गप्प राहतात.

सगळ्यांना अर्ज देण्याची गरज नसते, पण निवड मनाने करू नये. मनाने निवडले की हसतमुख आणि रिकामटेकडे दिसणारेच निवडले जातात. बाहेर पडणाऱ्यांतला दर दहावा रुग्ण, ठरलेल्या दिवशी, ओपीडीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, असा नियम ठेवावा. शेवटच्या तासाला आलेल्यांचे हाल वेगळेच असतात, ते सुटता कामा नयेत. किती अर्ज हवेत याचा एक ढोबळ अंदाज पुरतो : शंभर उत्तरांवर काढलेली टक्केवारी साधारण दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते, आणि ती चूक निम्म्यावर आणायची तर अर्ज चौपट लागतात. महिन्याला शंभर-सव्वाशे अर्ज नीट भरून घेणे उपजिल्हा रुग्णालयाला झेपते.

आता या सगळ्याचा एक नमुना. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका उपजिल्हा रुग्णालयात महिन्याभरात १२० अर्ज जमले. त्यांपैकी ४२ जणांना, म्हणजे ३५ टक्क्यांना, सगळी औषधे मिळाली नाहीत. जुन्या अर्जात हेच लोक ‘औषध वितरण : चांगले’ या चौकटीत विखुरले गेले असते. इथे पुढचा प्रश्न सांगतो की २५ जणांना ‘औषध नाही’ असे उत्तर मिळाले, ११ जणांना खिडकी बंद दिसली आणि सहा जणांना डॉक्टरांनीच बाहेरून आणायला सांगितले होते. पंचवीस जणांच्या अर्जांवर उतरवलेली नावे पाहिली तर १७ ठिकाणी मेटफॉर्मिन किंवा अम्लोडिपिन यांपैकी एक आहे, आणि त्यातले बहुतेक अर्ज मंगळवारचे, म्हणजे मधुमेह व रक्तदाबाच्या ओपीडीच्या दिवसाचे आहेत. भांडारात विचारल्यावर कळते की ई-औषधी प्रणालीत या गोळ्यांचा साठा शिल्लक दिसतो. तो मुख्य भांडारात आहे, खिडकीवर मात्र सोमवारी आठवड्याचा सरासरी खप धरून माल येतो आणि मंगळवारी दुपारीच संपतो. म्हणजे खरेदीचा प्रश्नच नव्हता. मंगळवारसाठी या दोन गोळ्यांचा वेगळा हिशेब धरणे आणि खिडकीवरचा साठा ठरावीक पातळीखाली गेला की लगेच भांडारातून आणणे, एवढेच करायचे आहे.

बंद खिडकीच्या ११ अर्जांना जोडलेल्या वेळपट्ट्या दुसरी गोष्ट सांगतात. हे सगळे प्रयोगशाळेतून रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांना दाखवून आलेले रुग्ण. डॉक्टर त्यांना तपासत असतानाच औषधखिडकीची ठरलेली वेळ संपत होती. यावर उपाय म्हणजे खिडकी घड्याळावर बंद न करता त्या दिवशीचा शेवटचा केसपेपर औषध घेऊन गेल्यावर बंद करणे आणि त्यासाठी दोन औषधनिर्मात्यांच्या वेळा अर्ध्या तासाने पुढेमागे करणे. उरलेल्या सहा चिठ्ठ्यांवरची औषधे रुग्णालयाच्या यादीत होती की नाही हे पाहून यादीची ताजी प्रत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणे, हे तिसरे काम.

दोन महिन्यांनी तेच प्रश्न, तेच शब्द, तोच दहावा रुग्ण. या वेळी १२० पैकी २० जणांना सगळी औषधे मिळाली नाहीत असे निघाले, तर ३५ टक्क्यांवरून सुमारे १७ टक्क्यांवर आलेली ही घट योगायोगाची नाही असे म्हणता येते. ३५ वरून ३१ वर आले असते तर ते म्हणता आले नसते, कारण एवढा फरक नुसत्या निवडीनेही पडतो. अशा वेळी आणखी दोन महिने वाट पाहावी. मधेच प्रश्नाचे शब्द ‘सुधारले’ तर मात्र आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत, आणि उत्साही समित्यांकडून हे फार वेळा होते. काय बदलले ते नोंदणी खिडकीजवळच्या फलकावर दोन ओळींत, तारखेसह लिहावे. पुढचा अर्ज भरणाऱ्याला त्यावरूनच कळते की हे कागद कोणी तरी वाचते.

या अर्जाची एक मर्यादा अशी की तो बाहेर पडण्याच्या वाटेवर भरला जातो, म्हणून कंटाळून मधूनच निघून गेलेल्यांपर्यंत तो पोहोचत नाही. सर्वांत जास्त त्रास झालेले रुग्ण नेमके तेच असतात. त्यांचा माग दुसऱ्या तऱ्हेने काढावा लागतो : त्या दिवशी निघालेले केसपेपर आणि डॉक्टरांच्या नोंदवहीतल्या नोंदी यांतला फरक रोज लिहून ठेवायचा. एखाद्या विभागात हा फरक वाढत असताना अर्जांवर सगळे आलबेल दिसत असेल, तर अर्जांवर विसंबू नये. उपचार योग्य झाले का, निदान बरोबर होते का, याचे उत्तरही रुग्णाच्या अर्जातून मिळत नाही. ते केसपेपरच्या वैद्यकीय तपासणीतूनच मिळते.

एखाद्या प्रश्नाची ‘अडचण’ सांगणारी उत्तरे सलग काही महिने अगदी थोडी येऊ लागली की तो प्रश्न अर्जातून काढून सहा महिन्यांतून एकदा विचारायला ठेवावा आणि त्याची जागा मोकळ्या प्रश्नात वारंवार येणाऱ्या अडचणीला द्यावी. रिपोर्ट कुठे मिळतो हे बऱ्याच जणांना विचारावे लागत असेल, तर पुढच्या तिमाहीत ‘रिपोर्ट घ्यायची जागा कशी सापडली : पाटी पाहून, विचारून, की दोन-तीन ठिकाणी फिरून?’ हा प्रश्न पानावर येतो. त्याच्या शेजारच्या रकान्यांत, उत्तर कोण वाचणार आणि किती जण फिरले की पाटी हलवायची, हे छपाईआधीच लिहिलेले असते.